'जाहिरात' हा शब्द कुठे लिहायचा?

गेल्या पावसाळ्यात मी इन्स्टाग्रामवर एका सीरमचा रिव्ह्यू टाकला. ४२ सेकंदांचा व्हिडिओ होता. त्यासाठी कंपनीने मला ३,५०० रुपये आणि ३० मिलीची एक बाटली दिली. हे मी लपवलं नव्हतं, असं तेव्हा माझं अगदी प्रामाणिक मत होतं. कॅप्शनच्या शेवटी बारा हॅशटॅगच्या रांगेत बाराव्या जागी #collab असं लिहिलं होतं. नियम पाळला, विषय संपला, असं मला वाटलं.

तीन आठवड्यांनी होस्टेलच्या मेसमध्ये एक ज्युनिअर माझ्यासमोर ताट घेऊन बसली. खानापूरकडची आहे, फारशी बोलत नाही. तिचे दोन्ही गाल नाकाच्या बाजूने लाल झाले होते आणि कातडी सुटत होती. तिने सरळच विचारलं, "ताई, तू त्या सीरमचे पैसे घेतलीस काय?"

"होय की. लिहिलंय की खाली."

"कुठं?"

मी फोन घेऊन तिला दाखवायला लागले. आधी 'more' वर टॅप केलं, मग कॅप्शन उघडलं, मग खाली सरकवत नेलं, मग त्या निळ्या हॅशटॅगच्या गर्दीत बोट फिरवत शोधलं. मी स्वतः लिहिलेला शब्द मलाच पटकन सापडेना. सापडला तेव्हा ती म्हणाली, "हे कोलॅब म्हणजे? मला वाटलं तू आणि दुसरी कुणीतरी मिळून व्हिडिओ केलासा."

तिने ६४९ रुपये घातले होते. घरून महिन्याला येणाऱ्या पैशांतून. ती चिडली नव्हती, हेच मला जास्त लागलं. "पैसे घेतलीस त्याचं काय नाही गं," म्हणाली, "पण आधी कळलं असतं तर जळजळायला लागल्यावर मी थांबले असते. मला वाटलं, ताईला काय झालं नाही, म्हणजे माझंच काहीतरी चुकालंय."

आणि खरी गोष्ट अशी की ताईलाही झालं होतं. ते पुढे सांगते.

या प्रसंगानंतर मी या विषयावर बरंच वाचलं आणि माझं एक मत पक्कं झालं. ते मत असं, की पैसे घेऊन केलेल्या रिव्ह्यूच्या कॅप्शनमध्ये पहिला शब्द 'जाहिरात' हाच असला पाहिजे. शेवटचा नको, मधला नको, इंग्रजीतला तर नकोच नको. आणि त्या शब्दाच्या मागोमाग काय मिळालं आणि काय वगळलं हे साध्या वाक्यात आलं पाहिजे. माझ्या बरोबरीच्या, इथे बेळगावात मराठीतून रील करणाऱ्या मैत्रिणींना हे जरा अतिच वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नियम काय आहेत ते थोडक्यात. आपल्याकडे जाहिरात व्यवसायाने स्वतःवर लक्ष ठेवायला उभी केलेली 'आस्की' नावाची संस्था आहे. तिने इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम केले, ते १४ जून २०२१ पासून लागू झाले. आस्की दंड करू शकत नाही. पण त्यानंतर सरकारही यात उतरलं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने खास आमच्यासारख्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत तोंड दाखवणाऱ्यालाही प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. माझ्यासारख्या सात हजार फॉलोअरवालीच्या मागे कुणी लागणार नाही, हे मला माहीत आहे. दंडाची भीती घालायला मी हे लिहीत नाही. त्या नियमांमध्ये दोन-तीन बारीक गोष्टी आहेत, त्या मला फार शहाणपणाच्या वाटल्या, त्यासाठी लिहिते.

पहिली गोष्ट जागेची. सरकारी पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय की हा खुलासा हॅशटॅग किंवा लिंक यांच्या गर्दीत मिसळायचा नाही. आस्की म्हणते की वाचणाऱ्याला 'आणखी वाचा' असलं काही दाबायला न लावता तो दिसला पाहिजे. म्हणजे मी जे 'पाळलं' होतं ते पाळणं नव्हतंच. इन्स्टाग्रामवर पोस्टच्या खाली कॅप्शनची साधारण सव्वाशे अक्षरं दिसतात, बाकीचं 'more' च्या मागे जातं. रीलवर तर जेमतेम एक ओळ दिसते. माझ्या कॅप्शनची ती एक ओळ होती: 'दोन आठवड्यांत असा ग्लो! मला तर विश्वासच बसेना'. ज्युनिअरने तेवढीच वाचली. बहुतेकांनी तेवढीच वाचली असणार. मी स्वतः दुसऱ्यांच्या रील बघताना कधी खाली जाते? जात नाही.

याचा अर्थ असा की खुलासा कुठेतरी 'असणं' आणि तो माणसाला 'मिळणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या कॉलेजात सकाळच्या प्रार्थनेला कधीकधी कुणीतरी उठून साक्ष देतं. ऐकणारा त्या माणसावर विसंबून ऐकतो, कारण त्याचा यात काही फायदा नाही हे गृहीत असतं. समजा बोलून खाली बसल्यावर तो म्हणाला की बरं का, हे बोलायचे मला पैसे मिळालेत, तर? शब्द तेच राहतील, पण ऐकलेलं सगळं आपण मनात पुन्हा मागे नेऊन तपासू. तेवढी तसदी रील बघणारं कुणीच घेत नाही, तोवर बोट पुढच्या व्हिडिओवर गेलेलं असतं. म्हणून आधी सांगायचं.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि आपल्या मराठी मंडळाच्या अंकात मला मुख्यतः हेच बोलायचं आहे. आस्की म्हणते की खुलाशाचा शब्द इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत असावा, पण बघणाऱ्या सर्वसाधारण माणसाला तो नीट कळला पाहिजे. आस्कीने मान्य केलेल्या शब्दांत 'कोलॅबोरेशन' आणि 'पार्टनरशिप' हेही आहेत. म्हणजे तेवढ्यापुरतं माझं #collab चाललं असतं. पण चालणं म्हणजे कळणं नव्हे. इन्स्टाग्रामवर दोन खात्यांनी मिळून एकच पोस्ट टाकायची सोय आहे, तिलाही सगळे कोलॅबच म्हणतात. त्यात पैशाचा संबंध असेलच असं नाही. ज्युनिअरला जे वाटलं ते अगदी बरोबर वाटलं होतं.

मग मराठीत काय लिहायचं? मी मैत्रिणींच्या कॅप्शन चाळल्या. एकीने लिहिलं होतं 'अमुक ब्रँडच्या सहकार्याने'. सहकार्य हा शब्द आपण कुठे वापरतो? 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद', रक्तदान शिबिराच्या फलकावर 'रोटरीच्या सहकार्याने'. त्यात चांगुलपणा आहे, मदत आहे. तिथे पैसे देऊन बोलवून घेतलं हा अर्थ पोचत नाही, उलट तो झाकला जातो. दुसरीने 'सशुल्क भागीदारी' असं लिहिलं होतं, पेड पार्टनरशिपचं सरळ भाषांतर. आता आपल्याकडे 'सशुल्क' म्हटलं की नाटकाचं तिकीट आठवतं, म्हणजे बघणाऱ्याने पैसे द्यायचे. आणि भागीदारी म्हणजे धंद्यातला वाटा. खडेबाजारातल्या दुकानात दोघं भाऊ भागीदार असतात. माझ्या आईने ते वाचून विचारलं, "ही पोरगी कंपनीत पार्टनर झाली की काय?" 'प्रायोजित' बरा आहे, रेडिओ-टीव्हीमुळे ओळखीचा आहे, पण तो कार्यक्रमाला लागतो. गायन प्रायोजित असलं तरी गाणारा आपल्या मनाचंच गातो, असं आपण धरतो. बोलणाराच प्रायोजित आहे हे त्यातून चटकन कळत नाही.

सगळ्यात फसवा शब्द मला 'भेट' वाटतो. 'ही सुंदर भेट मला अमुक ब्रँडकडून मिळाली.' भेट वाढदिवसाला मिळते, लग्नात मिळते. कंपनी बाटली पाठवते ती रिव्ह्यू व्हावा म्हणून. सरकारी पुस्तिकेच्या भाषेत, अटीशिवाय मिळालेली फुकट वस्तूसुद्धा 'संबंध' म्हणून सांगावी लागते. सवलत, प्रवास, हॉटेलातला मुक्काम, एवढंच काय, कंपनीत नातेवाईक असेल तर तेही. अशा वेळी मराठीत 'कंपनीने फुकट पाठवलं' असं लिहावं. ऐकायला रांगडं आहे, पण कुणाचाही गैरसमज होणार नाही.

'जाहिरात' हा शब्द मात्र शेंबड्या पोरालाही कळतो. मालिकेच्या मध्ये येते ती जाहिरात. पेपरातल्या बातमीसारख्या दिसणाऱ्या मजकुराच्या कोपऱ्यात बारीक छापलेली असते ती जाहिरात. त्यात 'जाहीर' आहे, हे मला हा लेख लिहिताना पहिल्यांदा जाणवलं. तो लिहायला आम्हाला लाज का वाटते, तर तो लिहिल्यावर आपलं बोलणं जाहिरात ठरतं म्हणून. पण ती असतेच ना.

आता मी मघाशी अर्धवट सोडलेली गोष्ट. बाटलीवर १० टक्के नायसिनमाइड असं लिहिलं होतं. पहिले तीन दिवस लावल्यावर माझ्या नाकाच्या कडेला जळजळत होतं. मग मी एक दिवसाआड लावायला लागले, आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर सीरम असं केलं, तेव्हा थांबलं. हे मी व्हिडिओत सांगितलं होतं. एकच वाक्य: 'मला सुरुवातीला थोडं जळजळलं, तर आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा.' कंपनीच्या बाईंना मी करारानुसार व्हिडिओ आधी दाखवला. त्यांचा निरोप आला, छान झालाय, फक्त ते एक वाक्य काढूया, टोन पॉझिटिव्ह ठेवूया. मी काढलं. निम्मे पैसे अजून यायचे होते.

ज्युनिअरच्या गालांना कारण होतं ते हे. रिव्ह्यूत जे नव्हतं त्याने तिचं नुकसान केलं, जे होतं त्याने नाही. कॅप्शनमध्ये पहिल्या ओळीत 'जाहिरात' असतं तरी ते वाक्य परत आलं नसतं. पण तिने एक गोष्ट नक्की ओळखली असती, की इथे वाईट असलं तरी सांगितलं जाणार नाही. जाहिरातीत वाईट सांगत नाहीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझं मत ऐकताना तिने तो सावधपणा बाजूला ठेवला, कारण मी तिला ताई म्हणून बोलत होते.

म्हणून मैत्रिणी जेव्हा म्हणतात, "मला खरंच आवडलं असेल तर पैसे घेतले काय नि न घेतले काय, मत तर खरंच आहे," तेव्हा मला ते पटत नाही. मलाही ते सीरम आवडलं होतं. खोटं असं मी एक वाक्यही बोलले नव्हते. खरी वाक्यं निवडून ठेवली आणि एक खरं वाक्य काढलं, इतकंच. पैसे आपलं मत बदलतात असं नाही, ते आपल्याला गप्प करतात. आणि आपण कुठे गप्प झालो हे बघणाऱ्याला दिसायचा दुसरा काहीच मार्ग नाही.

'दोन आठवड्यांत ग्लो' याबद्दलही बोलायला हवं. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, मला हे आधी सुचायला हवं होतं. कातडीचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. डाग फिके होणं वगैरे जे नायसिनमाइडकडून अपेक्षित असतं त्याला आठ ते बारा आठवडे तरी नेमाने लावावं लागतं, आणि सोबत सनस्क्रीन नसेल तर तेही नाही. मी १६ दिवस वापरलं होतं. १६ दिवसांत दिसतो तो फरक मुख्यतः ओलाव्याचा. सीरममध्ये ग्लिसरीन असतं, त्याने चेहरा लगेच भरलेला आणि चकचकीत दिसतो. खोबरेल तेल लावूनही दिसतो. शिवाय माझा 'आधीचा' फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढलेला होता आणि 'नंतरचा' सकाळी खिडकीशी. जाहिरातीतला दावा फुगेल असा फिल्टर वापरू नका असं आस्की सांगते. मी फिल्टर वापरला नाही याचा मला अभिमान होता. खिडकीने ते काम केलं.

दोन फोटो शेजारी ठेवून खरं-खोटं ओळखायचं असेल तर चेहरा बघू नका, मागची भिंत बघा. भिंतीचा रंग दोन्हींत वेगळा दिसला तर उजेड वेगळा आहे.

मग कॅप्शन कसं असायला हवं होतं? मी नंतर बसून लिहून काढलं. पहिल्या खेपेला असं झालं: 'जाहिरात. या व्हिडिओसाठी कंपनीने मला पैसे आणि ही बाटली दिली.' साठेक अक्षरं होतात, पोस्टखाली पूर्ण दिसतात. रीलवर पूर्ण ओळ मावली नाही तरी पहिला शब्द मावतो, म्हणून तो पहिला. रक्कम लिहावी का यावर मी बराच विचार केला. नियम ती मागत नाहीत आणि बऱ्याच करारांत ती सांगायला बंदी असते. 'पैसे' हा शब्द पुरे. 'मानधन' नको, ते व्याख्यानाला मिळतं.

त्यानंतर दुसरं वाक्य: 'टाकण्याआधी व्हिडिओ कंपनीने पाहिला आहे.' हे कुठल्याही नियमात मला सापडलं नाही, हे माझं स्वतःचं म्हणणं आहे. वाचणाऱ्याला सगळ्यात उपयोगी वाक्य कदाचित हेच असेल. मग: '१६ दिवस, रात्री, एक दिवसाआड लावलं. दिवसा सनस्क्रीन लावत होते. पहिले तीन दिवस नाकाजवळ जळजळलं. चेहरा मऊ वाटतो. डागांबद्दल इतक्यात सांगता येणार नाही.' बस्स. हॅशटॅग हवे तर त्याखाली.

इन्स्टाग्रामची स्वतःची 'Paid partnership' अशी पाटी नावाखाली लावता येते, तीही लावावी. पण ती माझ्या व्हिडिओत पुरेशी नाही, कारण बोलणं मराठीत आणि पाटी इंग्रजीत. दुसरं म्हणजे व्हिडिओ कुणी उतरवून व्हॉट्सॲपवर पाठवला की पाटीही जाते आणि कॅप्शनही. ज्युनिअरला तो तिच्या मामेबहिणीने तसाच पाठवला असता तर माझं बारावं हॅशटॅगसुद्धा तिच्यापर्यंत गेलं नसतं. म्हणून व्हिडिओच्या आतही 'जाहिरात' असावं लागतं. आस्कीचा हिशेब असा आहे: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत निदान तीन सेकंद, त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत एकूण लांबीच्या एक तृतीयांश वेळ. माझ्या ४२ सेकंदांना १४ सेकंद झाले. सरकारी पुस्तिका म्हणते की नुसतं लिहू नका, तोंडानेही सांगा. हे मला पटतं. माझी काकू भाकऱ्या थापताना फोन टेकवून ठेवते आणि ऐकते. ती वाचत नाही.

अक्षरं कुठे ठेवायची हेही बघावं लागतं. रीलच्या तळाशी नाव-कॅप्शन येतं आणि उजवीकडे बटणं येतात, तिथे ठेवलेलं झाकलं जातं. मी एका व्हिडिओत 'जाहिरात' असं पांढऱ्या अक्षरांत पांढऱ्या टॉवेलवर लिहिलेलं पाहिलंय. ते चुकून झालं नसावं.

राहिला प्रश्न नुकसानीचा. सगळ्या मैत्रिणी एकच सांगतात, पहिल्याच ओळीत जाहिरात लिहिलं तर कुणी बघत नाही आणि कंपन्या काम देत नाहीत. यात तथ्य आहे, मी ते नाकारत नाही. त्यानंतर माझ्याकडे दोन कामं आली. दोघांनाही मी आधीच लिहून कळवलं की पहिला शब्द 'जाहिरात' असेल आणि त्रास झाला तर तोही सांगेन. एकीकडून उत्तरच आलं नाही. दुसऱ्यांनी फोन केला, बराच वेळ समजावलं, #ad चालेल का विचारलं, शेवटी हजार रुपये कमी करून हो म्हणाले. हा व्हिडिओ पहिल्यापेक्षा कमी लोकांनी पाहिला. खाली एकाने लिहिलं, 'जाहिरात आहे तर कशाला बघू?' मी त्याला हार्ट दिलं. त्याला जे हवं होतं ते त्याला पहिल्याच सेकंदाला कळलं. पण दोघींनी विचारलं की जळजळलं का, आधी कुठे लावून बघायचं. पहिल्या व्हिडिओखाली असला प्रश्न एकही नव्हता, तिथे नुसत्या आगीच्या खुणा आणि 'लिंक दे ना ताई' होतं.

हजार रुपये मला लहान नाहीत. ज्यांचं घर यावर चालतं त्यांना तर हे सांगणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पण मग निदान 'रिव्ह्यू' हा शब्द वापरू नये. जाहिरात करावी, चांगली करावी, पैसे घ्यावेत. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे, दुकानदाराच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाची मैत्रीण असल्यासारखं बोलायला.

जुन्या व्हिडिओचं काय केलं ते सांगते. कॅप्शन नंतर बदलता येतं, ते मी बदललं. वर लिहिलेलं सगळं त्यात घातलं. व्हिडिओतली अक्षरं आणि आवाज मात्र एकदा टाकल्यावर बदलत नाहीत. ज्यांनी आधी पाहिला ते परत येऊन कॅप्शन वाचणार नाहीत, म्हणून स्टोरीत वेगळं सांगितलं, ती चोवीस तासांत गेली. ज्युनिअरचे गाल आठवड्याभरात बरे झाले. तिने उरलेली बाटली मला आणून दिली, "तुला चालतं तर तू लाव" म्हणून. मी पैसे देऊ केले. ते तिने घेतले नाहीत, मेसचं एक जेवण घेतलं.

एक गोष्ट माझ्या हातात राहिलेली नाही. करारात एक कलम होतं, मी नीट न वाचता सही केली होती. त्यानुसार कंपनी माझा व्हिडिओ स्वतःच्या पानावर सहा महिने चालवू शकते. तो अजून चालू आहे. तिथे कॅप्शन त्यांचं आहे, जळजळीचं वाक्य नाही, आणि चेहरा माझा आहे. मी दोन मेल केले. एकाचं उत्तर आलं, तुमचं म्हणणं संबंधितांपर्यंत पोचवलं आहे. मुदत जानेवारीत संपते.